पुरळ कुठं उठलंय, ते आधी सांगा!

अंगावर पुरळ उठलं की आपण काय करतो? बाही वर करतो, डॉक्टरांच्या नाकासमोर हात धरतो आणि म्हणतो, "हे बघा!" चांगले त्वचेचे डॉक्टर मात्र तिथं जेमतेम एक नजर टाकतात आणि भलतीच चौकशी सुरू करतात. "दुसरा हात बघू. आता पाठ कर. बोटं फाक. हनुवटी वर. पायमोजे काढ." आपल्याला वाटतं, अहो डॉक्टर, पुरळ इकडे आहे, तुम्ही तिकडे काय शोधताय?

ते शोधत असतात पुरळाचा पत्ता. कुठं उठलंय, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठं उठलेलं नाही. लाल रंग, खाज, बारीक फोड ही लक्षणं शंभर आजारांत सारखीच दिसतात. पण घडीत आहे की घडीच्या बाहेर, एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, ओळीत आहे की विखुरलेलं, एवढं कळलं की शंभरातले बरेचसे संशयित आपोआप सुटतात.

कसं, ते वेदांतच्या मानेवरून बघू. हा वेदांत मी रचलेला आहे, पण असे वेदांत कोकणात दर पावसाळ्यात दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात.

जुलै महिना, सोमवारची सकाळ. सहावीतला वेदांत उठला तो मान वाकडी करूनच. मानेवर एक लालभडक ओळ. उजव्या कानाखालून निघालेली, गळ्यावरून तिरकी उतरून डाव्या खांद्याच्या हाडापर्यंत गेलेली. रुंदी बोटभर. ओळीच्या मधोमध बारीक पाणीदार फोड, काहींत पिवळसर पाणी. आजीनं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो बाई, नागीण झाली रे तुला!" असं म्हणून ती गेरू उगाळायला निघालीसुद्धा. आईनं तिला थांबवलं आणि दोघी वेदांतला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"खाज येते की आग होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आग होते. खूप."

"पुरळ दिसायच्या आधी दोन-तीन दिवस तिथं दुखत होतं का? नुसतंच, काही नसताना?"

"नाही. काल संध्याकाळी जरा चुरचुरलं, तेवढंच."

"बरं. शर्ट काढ."

पाठ साफ. पोट साफ. काखा साफ. मग त्यांनी वेदांतचा उजवा हात सरळ करायला सांगितला आणि त्यांचे डोळे चमकले. कोपराच्या आतल्या बाजूला दोन लाल चट्टे होते. एक घडीच्या वर, दंडावर. दुसरा घडीच्या खाली, हातावर. दोन्ही साधारण एकाच आकाराचे. वेदांतचं तिकडे लक्षच नव्हतं, मानेनं त्याला पुरतं गुंतवून ठेवलं होतं ना!

"आता हात मीट," डॉक्टर म्हणाल्या. वेदांतनं कोपरात हात दुमडला, तर वरचा चट्टा खालच्या चट्ट्यावर बरोब्बर जाऊन बसला. कागदावर शाईचा थेंब टाकून कागद मिटला की दोन्हीकडे सारखाच डाग उमटतो ना, अगदी तसं.

"परवा रात्री काय करत होतास?"

प्रश्न नीट वाचा. काल रात्री नव्हे, परवा रात्री. या परव्यात सगळी गंमत आहे.

"परवा? शनिवारी... सामना बघत होतो. ओटीवर. ट्यूबलाइटखाली."

"मानेवर काही चाललं होतं?"

"हो! कसला तरी किडा होता. मी झटकून टाकला."

"झटकलास की चिरडलास?"

वेदांत गप्प. मग हळूच म्हणाला, "चिरडलाच बहुतेक."

सापडला चोर. याला शास्त्रात पिडेरस म्हणतात. हा एक भुंगेरा आहे, पण बघणाऱ्याला मुंगीच वाटते. लांबी जेमतेम सात ते दहा मिलिमीटर, डोकं काळं, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, आणि पाठीवर निळसर हिरवी झाक असलेली दोन आखूड झाकणं. त्या झाकणांखाली खरे पंख घडी घालून ठेवलेले असतात. पावसाळ्यात तो ओल्या शेतांत वाढतो आणि रात्री दिव्याकडे धावतो. भातशेतीला मात्र तो फार उपयोगी, कारण भातावरचे तुडतुडे खातो. म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, पण ओटीवर बसलेल्या वेदांतचा नाही.

हा किडा चावत नाही, नांगी मारत नाही. तो नुसता अंगावरून चालत गेला तर काही होत नाही. पण त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा चिरडला की ते कातडीवर पडतं, आणि चिरडताना हात जसा फिरतो तशी विषाची ओळ ओढली जाते. वेदांतनं तळहातानं किडा कानाखाली दाबला आणि खांद्यापर्यंत घासत नेला, म्हणून ओळ तिरकी. हाताला लागलेलं थोडं विष कोपराच्या आत पुसलं गेलं. मग उशाखाली हात दुमडून साहेब झोपले, तेव्हा एका चट्ट्यानं समोर दुसरा उमटवला. तळहातावर मात्र काहीच नाही, कारण तिथली कातडी इतकी जाड की विष आत पोचत नाही. हात न धुता डोळे चोळले असते तर पापण्या सुजून डोळा बंद झाला असता. आफ्रिकेत केनियाच्या बाजूला हे इतकं नेहमीचं आहे की त्याला 'नैरोबी डोळा' असं नावच पडलंय.

आणि परव्याचं काय? पेडेरिन लगेच चटका देत नाही. ते पेशींमध्ये प्रथिनं तयार होण्याचं काम बंद पाडतं, आणि त्याचा परिणाम दिसायला साधारण बारा ते छत्तीस तास लागतात. तोवर आपण किड्याला विसरून गेलेलो असतो. म्हणून "काल काय झालं?" असं विचारलं तर उत्तर चुकतं. आणखी एक भन्नाट गोष्ट सांगते. हे विष भुंगेरा स्वतः बनवतच नाही. त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. म्हणजे वेदांतच्या मानेवरची ओळ ओढली त्याच्याच हातानं, रंग होता किड्याच्या पोटातला आणि रंगाचा कारखाना भलत्याचाच!

डॉक्टरांनी मान साबणपाण्यानं धुवायला सांगितली, गार पाण्याच्या घड्या आणि एक मलम दिलं. दहाएक दिवसांत फोड सुकतील, मग काही आठवडे काळसर डाग राहील. पुढच्या वेळी असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारायची किंवा त्याला कागदावर चढू द्यायचं. चिरडायचं नाही.

पण आजी काही सहजासहजी ऐकणाऱ्यांतली नव्हती. "मग नागीण नाही हे कशावरून? फोड तर तसेच आहेत!"

आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे. फोडांकडे बघून उत्तर मिळत नाही, ते ओळीकडे बघून मिळतं. "आजी, ही ओळ बघा," डॉक्टर म्हणाल्या. "उजव्या कानापासून निघाली आणि गळ्याची मध्यरेषा ओलांडून डावीकडे गेली. नागीण असं सहसा करत नाही. ती मध्यावर येऊन थांबते."

का थांबते, हे कळायला नागिणीच्या घरी जावं लागेल. तिचं घर आपल्या पाठीत असतं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, फोड सुकतात, खपल्या पडतात, आपल्याला वाटतं विषाणू गेले. ते गेलेले नसतात. काही विषाणू नसांमधून उलटे चढत कण्याजवळ पोचतात आणि तिथं दडी मारतात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात आणि प्रत्येक नसेच्या मुळाशी चेतापेशींची एक छोटी गाठ असते. त्या गाठींत हे विषाणू वर्षानुवर्षं निजून राहतात. कधी तीस वर्षं, कधी साठ. शरीराची राखण जरा ढिली पडली, वय झालं, मोठं आजारपण आलं, की एखाद्याच गाठीतले विषाणू जागे होतात आणि त्या नसेवरून कातडीकडे निघतात.

आता प्रत्येक नसेला कातडीचा ठरावीक पट्टा वाटून दिलेला आहे. बेंबीची पातळी छातीच्या मणक्यांतल्या दहाव्या नसेकडे. तिच्यावरच्या पट्ट्या वरच्या नसांकडे. उजवी नस उजव्या अर्ध्या अंगाची, डावी डाव्या. उजवीकडची नस पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीबरोबर पुढं येते आणि पोटाच्या किंवा छातीच्या मध्यावर तिची हद्द संपते. तिच्यावरून आलेल्या विषाणूची हद्दही तिथंच संपते. म्हणून नागीण अर्धा पट्टा काढते, आणि नस आधीच चिडलेली असल्यामुळं फोड दिसण्यापूर्वीच दुखायला लागतं. डॉक्टरांनी वेदांतला सुरुवातीलाच तेच तर विचारलं होतं.

हे पट्टे कुणी शोधले? लंडनचे डॉक्टर हेन्री हेड आणि त्यांचे सहकारी कॅम्पबेल यांनी, आणि तेही नागिणीच्याच मदतीनं. 1900 साली त्यांनी 450 रुग्णांच्या नागिणी नोंदवून प्रसिद्ध केल्या. पण नुसता पट्टा बघून तो कोणत्या नसेचा हे कळणार कसं? त्यांनी नागीण झालेल्या आणि पुढं कधीतरी मरण पावलेल्या 21 माणसांच्या कण्याजवळच्या गाठी तपासल्या. प्रत्येकाच्या एखाद्याच गाठीत इजा झालेली दिसली. कातडीवर पट्टा इथं होता, गाठ तिथं बिघडली होती. जोड्या लावत गेलं की नकाशा तयार! हे हेडसाहेब भलतेच हौशी होते. कातडीला स्पर्श कसा कळतो हे बघायला त्यांनी 1903 साली स्वतःच्या हाताची एक नस मुद्दाम कापून घेतली आणि ती पुन्हा जुळताना काय काय जाणवतं ते पुढं काही वर्षं नोंदवून ठेवलं. तुम्ही असलं काही करू नका.

आजीच्या भीतीचं मूळ वेगळंच होतं. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं, म्हणजे पट्टा कंबरेभोवती पूर्ण झाला, की माणूस दगावतो असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. आता तुम्हीच विचार करा. पट्टा पूर्ण व्हायला उजवीकडची गाठ आणि नेमकी तिच्यासमोरची डावीकडची गाठ एकाच वेळी जागी व्हायला हवी. असं घडतं, पण अतिशय क्वचित. आणि घडलं तरी दोन टोकं एकमेकांना भेटली म्हणून काही होत नाही. ज्याची खरी काळजी करायची ते दुसरंच आहे. म्हाताऱ्या माणसांत फोड गेल्यावरही महिनोन्महिने ठणका उरतो. विषाणूवरचं औषध पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केलं तर चांगलं काम करतं, म्हणून गेरू लावून वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही. आणि फोड नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळायचं, कारण नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकाच फांदीची असते.

म्हणजे आतापर्यंत आपल्याला दोन प्रकारच्या ओळी भेटल्या. एक बाहेरून ओढलेली, वेडीवाकडी, हाताच्या फटकाऱ्यासारखी, मध्यरेषेची पर्वा न करणारी. बाहेरून आलेल्या ओळी आणखीही असतात. आंबा काढताना देठातून चीक ओघळतो आणि गालावर उभी ओळ उठते. बिब्ब्याचं तेल जिथून वाहील तिथं फोड येतात. काजूच्या टरफलाच्या तेलाचंही तेच. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले भाऊबंद आहेत, त्यामुळं खोड्याही सारख्याच. दुसरी ओळ आतून आलेली, नसेच्या हद्दीत राहणारी, अर्ध्यावर थांबणारी.

तिसरीही आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडते. कारण ती तुमच्या अंगावर आत्ता आहे, फक्त दिसत नाही.

बर्लिनमध्ये आल्फ्रेड ब्लाश्को नावाचे त्वचेचे डॉक्टर होते. काही रुग्णांच्या अंगावर जन्मतः किंवा नंतर उठलेल्या चमत्कारिक ओळी असत. त्यांनी अशा 140हून अधिक रुग्णांच्या ओळी बाहुल्यांवर आणि पुतळ्यांवर उतरवून घेतल्या आणि 1901 साली सगळ्यांचा मिळून एक नकाशा केला. पाठीच्या कण्यावर ओळी कारंज्यासारख्या वर जाऊन दोन्हीकडे वळतात. पोटावर आणि कुशीवर त्या वळणं घेतात. हातापायांवर लांबच लांब खाली उतरतात. ब्लाश्कोंनी नसांशी ताडून बघितलं, जुळेना. रक्तवाहिन्यांशी बघितलं, जुळेना. मग या ओळी कशाच्या?

पुढं कळलं ते असं. आपण आईच्या पोटात अगदी इवलेसे असतो, तेव्हा कातडीच्या पेशी वाढत वाढत कण्याकडून पुढं सरकतात. एका पेशीची मुलंबाळं एका वाटेनं, शेजारच्या पेशीची शेजारच्या वाटेनं. ब्लाश्कोच्या ओळी म्हणजे त्या वाटा. एखाद्या वाटेवरच्या सगळ्या पेशींत काहीतरी थोडं वेगळं असेल, तर ती वाट पुढं कधीतरी उठून दिसते. बाकीच्यांच्या वाटा लपलेल्या राहतात.

तुमच्या वयाच्या मुलांत हे कधीकधी बघायला मिळतं. समजा, एका मुलीच्या मांडीवर बारीक, चपट्या, फिकट पुटकुळ्या आल्या. आठवड्याभरात त्या गुडघ्याकडे सरकल्या. दोन-तीन आठवड्यांत एकाच पायावर मांडीपासून पोटरीपर्यंत ओळ तयार! दुखत नाही, आग नाही, खाज असलीच तर किंचित. आई म्हणते काहीतरी चावलं. पण चिरडलेल्या किड्याची ओळ एका रात्रीत येते आणि चांगलीच झोंबते, ही मात्र पंधरा दिवस सावकाश उतरत होती. नागीण म्हणावी तर पाणीदार फोड नाहीत, ठणका नाही. डॉक्टर या ओळीला लायकेन स्ट्रायटस म्हणतात. बहुतेकदा औषध लागत नाही. वर्षभरात, फार तर दोन वर्षांत ती आपणहून जाते, फिकट डाग मात्र काही काळ मागं राहतो.

ओळींचं झालं, आता घड्यांकडे वळू. यात ओळखायची खूण इतकी सोपी आहे की घरात तान्हं बाळ असेल तर तुम्हीही बघू शकता. डायपरमुळं बाळाचा ढुंगणाकडचा भाग लाल झाला. कशानं? डॉक्टर जांघेची घडी हलकेच उघडून बघतात. शू आणि शी लागून कातडी चुरचुरली असेल, तर लाली फुगीर भागावर असते आणि घडीच्या तळाशी कातडी स्वच्छ राहते, कारण तिथं दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींना चिकटून असल्यामुळं ओल आत शिरत नाही. पण घडीच्या तळाशीच लालभडक दिसत असेल आणि आजूबाजूला सुटे सुटे लाल ठिपके पडले असतील, तर तिथं कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलेली असण्याची शक्यता जास्त. तिला ऊब आणि दमटपणा लागतो आणि घडीत दोन्ही भरपूर असतं. दोन बोटांची जागा, पण पहिल्याला डायपर वेळेवर बदलणं आणि एखादं साधं मलम पुरतं, दुसऱ्याला बुरशीचं औषध लागतं. दुकानातून आणलेलं खाजेचं भारी मलम बुरशीवर फासलं तर लाली दोन दिवस कमी होते, बुरशी आतून फोफावते, आणि मग पत्ताही बिघडतो. मग डॉक्टरांनाही ओळखता ओळखता नाकी नऊ येतात.

मोठ्या मुलांमध्ये कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्याची लवण या इसबाच्या लाडक्या जागा. दोन्ही हातांना, दोन्ही पायांना. तिथं घाम साचतो, कातडी कातडीवर घासते, आणि खाजवायला हात बरोबर पोचतो. त्याच्या नेमकं उलट सोरायसिस. तो कोपराच्या टोकावर आणि गुडघ्याच्या वाटीवर जाड, चंदेरी खपल्या धरतो. म्हणजे हात दुमडला की लपतं ते बहुधा इसब, हात दुमडला की पुढं येतं तो बहुधा सोरायसिस. सोरायसिसला बाहेरची बाजू का आवडावी? एक धागा हाईनरिश क्योबनर नावाच्या डॉक्टरांनी 1870च्या दशकात दिला. त्यांच्या एका रुग्णाच्या अंगावर जिथं जिथं कातडीला इजा झाली, तिथं तिथं सोरायसिस उगवला. खरचटलं तिथं, गोंदवलं तिथं, एवढंच काय, घोडा चावला त्या जागीसुद्धा! कोपर आणि गुडघे दिवसभर कशा ना कशावर टेकत, आपटत असतात. आणि म्हणूनच अशा माणसाच्या अंगावर ओरखड्याच्या रेघेत सोरायसिसची ओळही उठू शकते. झाली ना ओळींची चौथी जात!

मी मघापासून 'बहुधा' म्हणतेय, ते उगाच नाही. रांगत्या बाळाचं इसब घडीत नसतं, गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला असतं. वर्ष-दोन वर्षांनंतर ते घड्यांत मुक्काम हलवतं. आणि सोरायसिसचा एक प्रकार असा की तो मुद्दाम काखेत आणि जांघेतच उठतो, तेही खपल्यांशिवाय. पत्त्यावरून संशयितांची यादी लहान होते, पण एकावर शिक्कामोर्तब करायला अजून काही लागतं.

आता एक कोडं तुमच्यासाठी. एका शेतकरी आजोबांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर खाजरं, जाडसर पुरळ आहे. सदऱ्याखाली अंग साफ. दोन संशयित आहेत. पहिलं ऊन. दुसरं गाजरगवत, ज्याला काही जण काँग्रेस गवतही म्हणतात. पुण्यात 1955 साली ते भारतात पहिल्यांदा लक्षात आलं आणि नंतर देशभर माजलं. त्याच्या वाळक्या पानाफुलांचा भुगा आणि बारीक केस हवेत उडतात, आणि त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना ॲलर्जी येते. ऊनही उघड्या अंगाला लागतं, धूळही उघड्या अंगाला लागते. मग ओळखायचं कसं?

जरा थांबा, पुढं वाचू नका. आरशात बघा आणि विचार करा, ऊन कुठं पोचत नाही?

हनुवटीच्या खाली. कानाच्या मागं. वरच्या पापणीच्या घडीत. नाकाच्या सावलीत. डॉक्टर आजोबांना मान वर करायला सांगतात. हनुवटीखालचा तेवढा तुकडा स्वच्छ असेल, कानामागं काही नसेल, तर उन्हावर संशय. पण धूळ सावली बघत नाही. ती पापण्यांच्या घडीत बसते, कानामागं बसते, मानेच्या सुरकुत्यांत आणि कोपराच्या आत घामावर चिकटते. तिथंच पुरळ जास्त असेल तर गाजरगवताकडे बोट. सुरुवातीला सांगितलं होतं ना, कुठं नाही हे जास्त महत्त्वाचं, ते हेच.

आमच्या कोड्यातल्या आजोबांच्या पापण्या सुजलेल्या आहेत, कानामागंही पुरळ आहे. म्हणजे गवत. पण घाई नको. गाजरगवताची ॲलर्जी जुनी झाली की काहींना ऊनही सोसेनासं होतं आणि मग दोन्ही नकाशे एकमेकांत मिसळतात. तेव्हा डॉक्टर पॅच टेस्ट करतात. गाजरगवताचा अर्क आणि इतर संशयितांचे थेंब छोट्या चकत्यांत घालून पाठीवर ओळीनं चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. 48 तासांनी चकत्या काढून कोणत्या चकतीखाली लाल झालं ते बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघतात, कारण काही ॲलर्जी उशिरा जाग्या होतात. गाजरगवताच्या चकतीखाली लाल, खाजरा चट्टा उठला तर आजोबांना शेताचा बांध स्वतः साफ करायला मनाई, आणि हे गवत वाळल्यावर त्याच्या जवळपास फिरकायचंसुद्धा नाही.